सोसायटीतलं रक्तदान शिबिर: कोणी किती वाजता यायचं, जेवायचं कधी, हॉल कधी सोडायचा?

अनघा_भांडुप
नमस्कार मंडळी. आमच्या भांडुपच्या सोसायटीत चार विंग मिळून दरवर्षी एका रविवारी रक्तदान शिबिर घेतो. या वर्षी नियोजन माझ्याकडे आलंय आणि गेल्या वर्षी जे झालं ते मला पुन्हा व्हायला नकोय.

गेल्या वर्षी वेळ होती सकाळी ९ ते दुपारी २. रक्तपेढीकडून एक डॉक्टर, दोन सिस्टर, तीन टेक्निशियन, एक पीआरओ आणि दोन मामा आले होते. खाटा सहा. साडेबारापर्यंत बाहेर पॅसेजमध्ये रांग लागली आणि २२ जण कंटाळून घरी गेले. सिस्टरना सव्वातीनपर्यंत घास मिळाला नाही. एक कॉलेजचा मुलगा चहाच्या टेबलाजवळ उभ्याउभ्याच कोसळला, आणि तिथे बसवलेले आमचे दोघे नेमके खुर्च्या उचलायला गेले होते. हॉल तीनला रिकामा करायचा होता, तो सव्वाचारला केला. पुढचं बारसं होतं, त्या लोकांचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

या वर्षी खाटा आठ मागवाव्यात असं कमिटीचं म्हणणं आहे. माझा प्रश्न असा, की रक्तपेढीचा स्टाफ आणि आमचे कार्यकर्ते यांच्या वेळा कशा लावायच्या? मांडामांड, रांग, जेवण, आवराआवर, सगळं धरून.

विनू
खाटा वाढवा, बाकी सगळं आपोआप होतं.

शिरीष_मुलुंड
आम्ही सहा वर्षं शिबिर करतोय. सरकारी नियमातच लिहिलंय, सहा ते आठ खाटांना एक डॉक्टर आणि दोन नर्स. पाच तासांत १०० ते १२० पिशव्या त्याच माणसांत होतात. तेव्हा तुमचा स्टाफ बरोबर होता, कमी पडले ते कार्यकर्ते. प्रत्येक खाटेला एक कार्यकर्ता उभा करा.

चाळकरी
खाटेला कार्यकर्ता उभा करू नका हो. आमच्या लालबागच्या मंडळात केला होता. सुई पाहून पहिला तोच आडवा झाला, आणि खाट त्यालाच द्यावी लागली.

नीलम_ताई
मला गेल्या महिन्यात एचबी ११.८ आहे म्हणून परत पाठवलं. मी रोज पालक खाते. तुमच्या शिबिरात चालेल का?

परळची_सिस्टर
नीलमताई, किमान १२.५ लागतं, कुठल्याही शिबिरात गेलात तरी हेच. तुमच्याच भल्यासाठी आहे ते. ११.८ का आलं ते तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, नुसत्या पालकावर राहू नका.

अनघाताई, सव्वातीनपर्यंत उपाशी राहिलेल्या सिस्टर वाचून वाईट वाटलं, कारण मी त्या जागी अनेकदा उभी राहिले आहे. आमचा दिवस नऊला सुरू होत नाही. पेढीत साडेसहाला हजर, पिशव्या, ट्यूब, कॉट, मशीन मोजून गाडीत, मग प्रवास. तुम्हाला नऊ वाजता ताजी दिसणारी सिस्टर पहाटे पाचला उठलेली असते. नियोजन करताना आमचे तास साडेसहापासून मोजा, मग जेवण कुठे बसवायचं ते आपोआप कळेल.

जुना_टेक्निशियन
ताई, खाटांची ऑर्डर देण्याआधी एक सांगा. बारा-साडेबाराला, रांग सर्वांत लांब असताना, काढलेला एखादा फोटो आहे का? त्यात किती खाटा भरलेल्या दिसतात? आणि नोंदणीच्या वहीत लोक आल्याची वेळ आहे का?

अनघा_भांडुप
काका, वेळ लिहिली होती, बरं झालं. ९ ते १० मध्ये ९ जण, १० ते ११ मध्ये २२, ११ ते १२ मध्ये ४१, १२ ते १ मध्ये ३४, १ ते २ मध्ये १२. एकूण ११८. त्यातले २२ गेले, ९६ तपासले गेले, १३ जणांना नाही म्हटलं, ८३ पिशव्या झाल्या.

फोटो १२.१० चा आहे. आत्ताच झूम करून पाहिला. सहापैकी दोन खाटा रिकाम्या आहेत! आणि मागे दारात ही गर्दी.

जुना_टेक्निशियन
हेच विचारायचं होतं. दारात गर्दी आणि आत खाट रिकामी, म्हणजे माणसं मधेच कुठेतरी अडकली होती. आठ खाटा लावल्या असत्या तर चार रिकाम्या दिसल्या असत्या.

एक खाट एका माणसाला साधारण पंधरा मिनिटं अडते. झोपवणं, शीर शोधणं, पिशवी भरायला पाच ते आठ मिनिटं, सुई काढून थोडं पडून राहणं, उठवणं. म्हणजे सहा खाटांवर तासाला २४ जण. आता डॉक्टर पाहा. फॉर्म वाचायचा, आजार, औषधं, आधीचं रक्तदान विचारायचं, बीपी, नाडी. घाई न करता तीन मिनिटं लागतातच, म्हणजे तासाला २० जण. त्यातले दोन-तीन बाद, खाटेपर्यंत १७ पोचतात. म्हणून सहापैकी चारच भरलेल्या.

तुमच्याच आकड्यांनी चाला. पहिल्या तासाला ९ आले, ९ झाले. दुसऱ्याला २२ आले, २० झाले, २ राहिले. तिसऱ्याला ४१ आणि ते २, झाले २०, राहिले २३. चौथ्याला ३४ ची भर, झाले २०, राहिले ३७. शेवटच्या तासाला १२ आणखी आले, २० झाले, २९ उरले. त्यातले २२ गेले, राहिलेले सात २.२० पर्यंत तपासले. जमलं का ९६? आणि हे डॉक्टर जागचे न हलल्यामुळे. बहुधा तेही जेवले नसणार.

शिरीषराव, तुमचा नियम बरोबर आहे, पण ती किमान माणसं आहेत. लोक पाच तासांत सारखे वाटून आले तरच त्यांच्यात १०० होतात. मुंबईत रविवारी कोण नऊला येतं? नाश्ता, आंघोळ, मटण आणून मग अकराला उतरतात.

शिरीष_मुलुंड
मान्य. आमच्याकडे कंपनीच्या आवारात होतं, डिपार्टमेंटनुसार पाठवतात, म्हणून आम्हाला हे कधी जाणवलं नाही. मग यांनीही विंगनुसार वेळ द्यावी. ए विंग ९ ते १० वगैरे.

चाळकरी
ए विंगवाले अकरालाच येणार आणि बी विंगवाल्यांशी नंबरावरून भांडणार. तरी वेळ द्या. निम्म्यांनी पाळली तरी फरक पडतो.

अनघा_भांडुप
डॉक्टर जेवले नव्हते, पीआरओ नंतर म्हणाल्या होत्या. मग करायचं काय? पाच तास दुसरा डॉक्टर मागितला तर पेढी देईल असं वाटत नाही. आमच्या सी विंगमध्ये एक होमिओपॅथ आहेत, ते बसायला तयार आहेत.

परळची_सिस्टर
होमिओपॅथ डॉक्टरांना फॉर्म भरून घ्यायला बसवा, मोठी मदत होईल. पण रक्त द्यायला योग्य की नाही हे ठरवणारा डॉक्टर एमबीबीएसच हवा आणि जबाबदारी पेढीच्या डॉक्टरांची असते. सोसायटीत कोणी एमबीबीएस असतील तर पेढीला आधी विचारा, परस्पर खुर्ची देऊ नका.

जुना_टेक्निशियन
दुसरा डॉक्टर पाच तास मागूच नका. १०.३० ते १.३० मागा. तीन तासांसाठी माणूस मिळणं सोपं असतं. ७५ लोक त्या मधल्या दोन तासांतच आलेत.

दुसरी गोष्ट फुकटची आहे. गेल्या वर्षी एचबीचं टेबल डॉक्टरांच्या आधी होतं की नंतर?

अनघा_भांडुप
नंतर. दाराजवळ प्लग नव्हता, वजनकाटा आणि एचबी आतच लावलं होतं. १३ पैकी ९ जण एचबी किंवा वजनामुळे गेले.

जुना_टेक्निशियन
म्हणजे त्या नऊ जणांना डॉक्टरांनी तीन-तीन मिनिटं दिली आणि पुढच्या टेबलावर ते परत गेले. २७ मिनिटं. तेवढ्यात डॉक्टरांचं जेवण झालं असतं! फॉर्म, वजन, एचबी आणि मग डॉक्टर, असा क्रम ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड घ्या.

आता दोन डॉक्टर बसले की अडचण पुढे सरकते हे ध्यानात ठेवा. अकरा ते बारात खाटांकडे ३५-३६ जण येतील. तेव्हा मात्र कमिटीच्या आठ खाटा लागतील, पण त्यांच्याबरोबर तिसरी सिस्टरही लागेल. सुई लावणं, मधे लक्ष, काढणं, लेबल, यात एका माणसामागे सिस्टरची सहा मिनिटं जातात. दोघी मिळून तासाला २०, तिघी ३०. नुसत्या खाटा वाढवल्या तर माणूस बाहेर उभा राहण्याऐवजी खाटेवर पडून वाट बघतो, आणि तो जास्त घाबरतो.

परळची_सिस्टर
काका, तिघी ३० हे कागदावर ठीक आहे. शीर न सापडणारे दोन आले की दहा मिनिटं गेली. मी २५ धरीन. आणि तिसरी आली की पहिली गोष्ट, दोघींना आळीपाळीने जेवायला सोडायचं. तिचे तास रांगेत आधीच खर्ची घालू नका.

मध्य_रेल्वेग्रस्त
तुमच्या रविवारी माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक आहे का ते शनिवारीच बघा. असला तर अकरा ते चार गाड्यांचा खोळंबा. दुपारच्या पाळीचे कार्यकर्ते ठाण्या-डोंबिवलीहून येणार असतील तर ते तुमच्या आवराआवरीलाच उगवतील.

अनघा_भांडुप
खरंच, आमची निम्मी तरुण मंडळी डोंबिवलीला राहायला गेलीत. दुपारच्या पाळीत फक्त सोसायटीत राहणारे घेते.

जेवणाबद्दल एक विचार होता. १२.३० ते १ नोंदणी बंद ठेवायची, सगळे एकत्र जेवतील, स्टाफला मानाने बसवून वाढता येईल. पूर्ण पंगत. कसं वाटतं?

विनू
उत्तम. मेनू काय?

जुना_टेक्निशियन
भावना चांगली आहे, पण तुमची अर्ध्या तासाची पंगत एका तासाला पडते. नोंदणी १२.३० ला बंद केली तरी खाटेवर सुई लागलेल्या माणसाला सोडून कोणी उठत नाही. खाटा रिकाम्या व्हायला १२.५० होतात. जेवून १.२० ला बसलात, तर पहिला माणूस फॉर्म, एचबी, डॉक्टर करून खाटेवर पोचायला १.३५. आणि हे तुमच्या सर्वांत मोठ्या गर्दीत.

एक-एक करून जेवा. ८.१५ ला स्टाफला भरपेट नाश्ता, नुसता चहा-बिस्किट नाही. १० च्या आसपास चहा जागेवर. जेवण ११.३० ला सुरू, एका वेळी एक सिस्टर, एक टेक्निशियन, प्रत्येकी २५ मिनिटं. डॉक्टर १२.३० ला, दुसरे बसलेले असताना. एकच डॉक्टर असेल तर त्यांना गर्दीच्या आधी, १०.१५ लाच खायला लावा.

परळची_सिस्टर
इथे माझं जमत नाही काकांशी. गर्दीत २५ मिनिटं म्हणतात आणि आठव्या मिनिटाला कोणीतरी दारात येऊन उभं राहतं, "सिस्टर, जरा येता का?" मी हातातला घास ठेवून किती वेळा उठले याची गणती नाही. माझ्या मते नोंदणी बंद करू नका, पण १२.३० ते १ दोन खाटा रिकाम्या ठेवून वेग मुद्दाम कमी करा. चार जण जास्त थांबतील, पण दुपारी दोनला सुई लावणारा हात थरथरणार नाही. आणि जेवणाची खोली वेगळी, दार बंद, बाहेर एक कार्यकर्ता. त्याचं काम एकच, कोणाला आत सोडायचं नाही.

जुना_टेक्निशियन
दार बंद, हे पटलं. वेग कमी करणं नाही पटत, रांगेतला माणूस एकदा घरी गेला की परत येत नाही. यावर आपलं एकमत व्हायचं नाही, ताई.

शिरीष_मुलुंड
पिशव्या परत नेण्याबद्दल कोणी बोललं नाही. आम्ही सगळ्या बर्फाच्या पेटीत ठेवून शेवटी एकदम पाठवतो.

जुना_टेक्निशियन
नुसतं रक्त म्हणून वापरायचं असेल तर थंडच न्यायचं. पण प्लेटलेट काढायच्या पिशव्या २० ते २४ अंशांत लागतात, बर्फात गेल्या की प्लेटलेट वाया. आणि त्या सहा तासांच्या आत वेगळ्या कराव्या लागतात. पहिली पिशवी ९.१५ ची असेल तर ३.१५ ला मुदत संपली. सगळं आवरून तीनला भांडुपहून निघालात तर सकाळच्या पिशव्यांच्या प्लेटलेट मिळणारच नाहीत. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत हे फार लागतं बघा.

म्हणून पीआरओंना आजच विचारा, १२.३० ला पहिली खेप जाणार का? जाणार असेल तर गाडीबरोबर मामा आणि ड्रायव्हर जातील, टेक्निशियन नको. आणि एक मामा कमी झाल्यावर खाटेवरची चादर, कचरा कोण बघणार ते ठरवून ठेवा.

चाळकरी
चहाच्या टेबलाचं विसरलात सगळे. तो मुलगा तिथेच पडला होता ना?

परळची_सिस्टर
बरं आठवण केलीत. चक्कर खाटेवर कमी, उठून चालायला लागल्यावर जास्त येते. पहिल्यांदा देणारा, सडपातळ, सकाळपासून उपाशी, हा हमखास. चेहरा पांढरा पडतो, जांभया येतात, कपाळावर घाम. तेव्हाच जमिनीवर आडवं करून पाय वर घ्यायचे, खुर्चीत बसवून पाणी पाजत राहायचं नाही.

प्रत्येकाने पंधरा मिनिटं बसायचंच. तासाला २५-३० जण दिलेत तर एका वेळी सात-आठ जण बसलेले असणार, खुर्च्या दहा ठेवा. तिथे दोन कार्यकर्ते, आणि दोघांपैकी एक कायम लोकांच्या तोंडाकडे बघणारा. त्याने बिस्किटं वाटायची नाहीत, खुर्च्या उचलायच्या नाहीत, सेल्फी काढून द्यायच्या नाहीत. शेवटची सुई निघाल्यावर आणखी अर्धा तास तो जागेवर. आवराआवर याच्या खुर्च्यांपासून कधीच सुरू करू नका.

अनघा_भांडुप
गेल्या वर्षी नेमकं तेच केलं आम्ही. हॉल सोडायची घाई, म्हणून रिकाम्या दिसतील त्या खुर्च्या आधी उचलल्या.

आणखी एक, शेवटी स्टाफ अर्धा तास काहीतरी शोधत होता. ८३ पिशव्या आणि ८४ फॉर्म म्हणत होते.

जुना_टेक्निशियन
एकाला नंबर दिला आणि शीर सापडली नाही म्हणून सोडला, पण त्याचा फॉर्म बाजूला काढला नाही. हमखास हेच असतं. पिशव्या, नमुन्याच्या ट्यूब आणि फॉर्म तिन्ही जुळल्याशिवाय पेढीचा माणूस गाडीत बसणार नाही, बसूही नये. उपाय असा, की दर तासाला मोजा. अकराला जुळले, बाराला जुळले, म्हणजे शेवटी शोधायचा असतो तो फक्त एका तासातला फॉर्म.

आवरायला पाऊण तास धरा. सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे-नळ्या लाल पिशवीत, आणि सगळं पेढीच्या गाडीतून परत. सोसायटीच्या कचऱ्यात कापूससुद्धा नाही. हॉल तीनला सोडायचा तर शेवटची सुई २ ला निघाली पाहिजे, म्हणजे नोंदणी १.३० ला बंद. बॅनरवर "९ ते १.३०" लिहा. २ लिहिलंत की लोक १.५५ ला येतात.

अनघा_भांडुप
सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय. मांडामांडीला सहा जण ७.३० ला. पहिली पाळी ८.३० ते ११.१५, दुसरी ११ ते ३, मधली पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र, म्हणजे कामं सांगून देता येतील. एचबी दाराशी. खाटा सात, हॉलमध्ये आठ मावतात पण स्ट्रेचर फिरत नाही. तिसरी सिस्टर मिळाली, दुसरे डॉक्टर अजून "बघतो" वर आहेत. जेवणाची खोली म्हणजे कमिटी ऑफिस, दाराशी आमच्या डी विंगच्या शिंदेकाकू. त्यांच्यापुढून कोणी जात नाही.

नीलम_ताई
मी रक्त देऊ शकत नाही, पण भांडुपलाच राहते. खुर्च्यांजवळ बसून तोंडांकडे बघायचं काम मला द्याल का? मला एकदा चक्कर आली आहे, कशी दिसते ते मला माहीत आहे.

अनघा_भांडुप
नीलमताई, नक्की या! दुसऱ्या पाळीत, ११ ते ३. व्यनि करते.

*(तीन आठवड्यांनी)*

अनघा_भांडुप
धागा वर काढतेय. शिबिर झालं. १०९ आले, फक्त ५ जण थांबता थांबता गेले, ९२ पिशव्या. हॉल ३.१० ला सोडला.

दुसरे डॉक्टर १०.३० ऐवजी ११.४० ला पोचले, तोवर रांग पुन्हा पॅसेजपर्यंत गेली होती. पण एचबी दाराशी असल्याने सात जण तिथूनच परत गेले, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांना सावरता आलं. पहिली खेप १२.४० ला निघाली. फॉर्म दर तासाला जुळवले, एकदा बारा वाजता एक जास्त निघाला, दोन मिनिटांत सापडला. काका, तुम्ही म्हणालात तसंच, शीर न सापडलेला.

जेवण एक-एक करूनच झालं. दोन सिस्टर पूर्ण २५ मिनिटं बसल्या. तिसऱ्यांना मात्र पंधराव्या मिनिटाला उठावं लागलं, एका काकांना खाटेवर उलटी झाली. शिंदेकाकूंनी अडवलं नाही, अडवायला नकोच होतं.

एका मुलीचा चेहरा पांढरा पडलेला नीलमताईंनी ओळखला. खुर्चीतून खाली घेतलं, पाय वर केले, पाच मिनिटांत ती बोलायला लागली.

परळची_सिस्टर
तिसरीला पुन्हा जेवायला बसवलंत का?

अनघा_भांडुप
हो, १.४५ ला. तिचं ताट झाकून ठेवलं होतं.